सहा नकार

रविवार, १८ जानेवारी १९८७. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि नागपूरच्या महाल भागातल्या एका कॉलेजच्या खोली नंबर सातमध्ये प्रेमलता धकाते बाकांवर खडूने आकडे लिहीत होती. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला खोली नंबर अकरा. तिथले आकडे लिहून झाले होते. दोन्ही खोल्यांत तीस-तीस बाक. सातमधल्या कोणत्या बाकाची जोडी अकरामधल्या कोणत्या बाकाशी, हे तिने आदल्या दिवशी चिठ्ठ्या काढून ठरवलं होतं आणि ते तिच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हतं. शिपाई बाबनराव दाराशी उभा राहून हे सगळं बघत होता.

"मॅडम, परीक्षा आहे का?"

"नाही बाबनराव. खेळ आहे."

"खेळ आहे तर मंग एवढी शिस्त काहून?"

प्रेमलता तेव्हा चौतीस वर्षांची होती आणि त्याच कॉलेजात नऊ वर्षांपासून अर्थशास्त्र शिकवत होती. जन्म उमरेडचा, कोष्ट्याच्या घरातला. वडील देवाजी हातमागावर लुगडी विणत. ती आठवीत असताना माग बंद पडला आणि घर नागपुरात तांडापेठेत आलं. वडील सूतगिरणीत लागले. मुलीने एम.ए. पहिल्या वर्गात केलं, नोकरी धरली आणि आता ती विद्यापीठात एम.फिल.चा प्रबंध लिहीत होती. अठ्ठावीस फेब्रुवारी ही शेवटची तारीख. ती चुकली की नाव नोंदणीतून बाद, आणि नाव बाद झालं की कॉलेजने प्रबंधासाठी दिलेली दोन वर्षांची कमी तासांची सवलतही बाद. प्रबंधावर मार्गदर्शकाची सही लागते. तिचे मार्गदर्शक डॉ. मुकुंद खानझोडे. ते सही देतील की नाही, हे त्या रविवारच्या खेळावर ठरणार होतं.

साडेआठपर्यंत साठ मुलंमुली जमली. वेगवेगळ्या कॉलेजांतली, एकमेकांना न ओळखणारी. काही काटोल-खाप्याहून पहिल्या एस.टी.ने आलेली. आल्या-आल्या त्यांना दोन खोल्यांत वाटून टाकलं. मग प्रेमलताने दोन्ही खोल्यांत तोच मजकूर वाचून दाखवला.

खेळ सोपा होता. दर जोडीमागे दहा रुपये. सात नंबरच्या खोलीतल्याने ठरवायचं, त्या दहातले किती दुसऱ्याला द्यायचे. पूर्ण रुपयांत, एकापासून दहापर्यंत. आकडा चिठ्ठीवर लिहून पाठवायचा. अकरा नंबरमधल्याने चिठ्ठी वाचून 'मान्य' किंवा 'अमान्य' यांपैकी एकावर खूण करायची. मान्य असेल तर लिहिल्याप्रमाणे वाटणी. अमान्य असेल तर दोघांनाही काही नाही. दहाचे दहा परत. घासाघीस नाही, बोलणं नाही, कोण कोणाचा जोडीदार हे शेवटपर्यंत कळणार नाही. पैसे बंद पाकिटात मिळतील.

पाच वर्षांपूर्वी जर्मनीतल्या तिघा संशोधकांनी हा खेळ विद्यार्थ्यांना खेळवला होता. त्यांचा निबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात उशिरा पोचला, पण पोचला. पाठ्यपुस्तक अशा खेळाबद्दल काय सांगतं ते खानझोडे सरांचा प्रत्येक विद्यार्थी झोपेतही म्हणून दाखवेल. शेवटाकडून सुरुवातीकडे यायचं. चिठ्ठी हातात आलेल्यापुढे दोनच वाटा: एक रुपया किंवा शून्य. एक हा शून्यापेक्षा मोठा, म्हणून तो एक घेणार. पहिल्याला हे ठाऊक आहे, म्हणून तो एकच देणार आणि नऊ ठेवणार. ज्याला फक्त आपल्या पदरात जास्तीत जास्त पाडून घ्यायचं आहे, त्याने दुसरं काही करण्याचं कारणच नाही. जर्मनीतल्या विद्यार्थ्यांनी मात्र दुसरंच केलं होतं. नागपुरातले काय करतात, हे प्रेमलताला पाहायचं होतं. त्यासाठीचे तीनशे रुपये तिच्या पगारातले होते.

बाबनरावने चिठ्ठ्यांचा डबा सातमधून अकरामध्ये नेला, अकरामधून परत आणला. वाटेत तो डबा दोन्ही हातांनी धरून चालला. घटस्थापनेचा घट नेत असावा तसा.

दुपारी प्रेमलताने चिठ्ठ्या लावल्या. तीसपैकी चौदा जणांनी निम्मे, म्हणजे पाच देऊ केले होते. सात जणांनी चार, चौघांनी तीन, तिघांनी दोन. पुस्तकाप्रमाणे एकच रुपया देणारे निघाले दोघे. आणि नकार आले सहा. एक रुपया मिळालेल्या दोघांनीही तो नाकारला. दोन रुपयेवाल्यांपैकी दोघांनी, तीनवाल्यांपैकी एकाने. चारवाल्यांत एक. पाच मिळालेल्या एकानेही नकार दिला नव्हता.

तिला आनंद झाला होता. चेहऱ्यावर फारसं काही दिसलं नाही, पण बाबनरावला तिने स्वतःच्या डब्यातली पोळी दिली.

पाकिटं वाटून झाल्यावर एक मुलगी रेंगाळली. अरुंधती नाव. बी.कॉम.ची, हुशार, जराशी बोलकी. तिचं पाकीट रिकामं होतं.

"मॅडम, माझे चार रुपये गेले का?"

"तू अमान्य केलंस ना?"

"केलं. पण मले वाटलं, तुमी पुन्हा एकदा विचारसान."

"पुन्हा काहून विचारीन?"

"अवो मॅडम, पहिल्यांदा कोणी हो म्हणते का? कोणाच्या घरी गेलं, चहा विचारला, तर आधी नाहीच म्हणतो ना आपण. मंग ते आग्रह करतेत. मंग घेतो. एकदम हात पुढं केला तर लोक म्हणतीन, कधी पाहिला नव्हता वाटते चहा."

प्रेमलता हसली नाही. जर्मनीत हा प्रश्न आला नसणार. तिकडे नाही म्हटलं की नाही, कपबशी उचलून आत जाते. इथे पहिला नकार हा नकार नसतो. आग्रहाला दिलेली जागा असते. आणि तिच्या मजकुरात 'एकदाच विचारलं जाईल' हे वाक्य नव्हतं. ते लिहायचं तिला सुचलं नव्हतं, कारण घरात, शाळेत, लग्नाच्या पंगतीत जे इतकं गृहीत असतं ते कोणी लिहून ठेवत नाही. अरुंधतीचा नकार शिष्टाचाराचा होता. बाकीच्या पाचांचाही तसाच असेल तर?

तिने अरुंधतीचं म्हणणं जसंच्या तसं टिपून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी खानझोडे सरांपुढे निकालासोबत ठेवलं.

खानझोडे सर साठीला टेकले होते. त्यांनी प्रेमलताला एम.ए.ला शिकवलं होतं आणि तिच्या पेपराला मिळालेले गुण त्यांना अजून आठवत. माणूस कडक, पण लबाड नव्हता. त्यांनी आकडे दोनदा वाचले, अरुंधतीचं टिपण एकदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"झालं. प्रश्न मिटला."

"कसा सर?"

"नकार देणाऱ्यांना खेळ कळलाच नाही. या मुलीने कबूल केलं, उरलेल्यांनी केलं नाही, एवढाच फरक. ते सहा बाजूला काढ. उरले चोवीस, त्यांत एकही नकार नाही. म्हणजे दुसरा खेळाडू जे मिळेल ते घेतो. सिद्धान्त शाबूत."

"आणि निम्मे देणारे चौदा?"

"ते घाबरट. पहिल्यांदाच खेळले. चार वेळा खेळव, शहाणे होतील." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "धकाते, मी तुला अडवत नाही. पण ज्या नकारांचं कारण चहाचा आग्रह आहे, त्यांना तू न्यायबुद्धी म्हणणार असशील, तर त्या पानाखाली माझी सही नसेल."

हे म्हणणं चूक होतं असं प्रेमलतालाही सांगता येत नव्हतं. अवघड होतं ते हेच.

त्या आठवड्यात घरी उमरेडची प्रयागबाई आली. आईची मावसबहीण, बोलायला फटकळ, पाहुणी म्हणून मात्र नियमाला पक्की. प्रेमलताची आई भागीरथा तिला वाढत होती आणि दोघींचं ठरलेलं चाललं होतं.

"घे वं अजून एक वडा."

"नाही वं बाई, पोट फुटते का माहं."

"एक घे."

"बरं, ठेव अर्धा." आणि तिने पूर्ण घेतला.

जेवण झाल्यावर भागीरथाने पेटीतून नवं लुगडं काढलं. प्रयागबाई एकदम मागे सरकली. वड्याला एकदा नाही म्हणणारी बाई लुगड्याला चारदा नाही म्हणाली, हात जोडले, दारापर्यंत गेली, परत आली आणि मग लुगडं पिशवीत घातलं.

प्रेमलता भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मावशी, वड्याले एकदाच नाही म्हटलं, लुगड्याले चारदा. असं काहून?"

"पोरी, वडा तो वडा. मोठी वस्तू घेताना जास्त नाही म्हणा लागते. नाही तं लोक हावरट म्हणतीन."

"अन् कोणी अर्धा वडा दिला तं?"

"अर्धा कोण देते? अर्धा दिला तं मी उठूनच जाईन. अपमान हाय तो."

देवाजी बाजेवरून हसले. "ही पाहा तुही जर्मनीची बाई."

वडिलांना तिने हा खेळ आधीच समजावून सांगितला होता आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, नकार आला तर दहा रुपये कोणाकडे जातात. तिच्याकडेच परत, म्हटल्यावर ते म्हणाले होते, "मंग पोरांनी मास्तरणीचे पैसे वाचवले असतीन." ही शंकाही तिने वहीत टिपली होती.

आता ती उठली आणि आतून चिठ्ठ्या घेऊन आली. नकार शिष्टाचाराचे असते, तर देणगी जितकी मोठी तितके नकार जास्त दिसायला हवे होते. पाच रुपये मिळालेल्यांनी सर्वांत आधी नाही म्हणायला हवं होतं. चौदांपैकी एकानेही म्हटलं नव्हतं. मास्तरणीचे पैसे वाचवायचे असते, तर नकार सगळ्या रकमांत सारखेच दिसले असते. पाच नाकारा की एक, वाचतात दहाच. चार किंवा पाच मिळालेल्या एकवीस जणांत नकार एक, आणि तो अरुंधतीचा. तीन किंवा त्याहून कमी मिळालेल्या नऊ जणांत नकार पाच. शिष्टाचार रकमेकडे असा उलटा बघत नाही. हे नकार रक्कम बघून दिलेले होते, आणि नुसती आपली रक्कम नव्हे, पलीकडे किती राहिले तेही बघून.

दुसऱ्या दिवशी ती खानझोडे सरांकडे गेली आणि हे सारं सांगितलं. सरांनी चिठ्ठ्या रकमेप्रमाणे स्वतः पुन्हा लावून पाहिल्या.

"युक्तिवाद चांगला आहे," ते म्हणाले. "पण माणसं नऊ. नऊ माणसांवर मी अर्थशास्त्र बदलत नाही."

"मग पुन्हा खेळू या. नवी मुलं. नियमात वाक्य घालते. एकदाच विचारलं जाईल, आग्रह होणार नाही. आणि तुम्ही या, सर. मजकूर तुम्हीच वाचा. कळलं की नाही, तुम्हीच तपासा."

"रविवारी?"

"रविवारी."

"माझा रविवार वाया गेला तर?"

"तर ते सहा मी स्वतः बाजूला काढीन."

आठ फेब्रुवारीला सर आले. या वेळी जोड्या वीसच. प्रेमलताच्या पगाराची पोच तेवढीच होती. सरांनी वर्गात शिकवावा तसा मजकूर वाचला. मग प्रत्येकाला उभं करून विचारलं: तू अमान्य केलंस तर तुला किती मिळतील? शून्य. पलीकडच्याला? शून्य. परत कोणी विचारेल? नाही. चाळीसही जणांना कळल्याची खात्री झाल्यावरच त्यांनी डबा बाबनरावच्या हाती दिला.

निम्मे देणारे दहा निघाले. चार देणारे पाच, तीन देणारे तीन, एकाने दोन आणि एकाने एक. नकार तीन. एका रुपयाला, दोन रुपयांना, आणि तीनवाल्यांपैकी एकाला. चार आणि पाच रुपये सगळ्यांनी मुकाट घेतले.

एक रुपया नाकारणारा काटोलचा होता. ईश्वरदास. संत्र्याच्या बाजारात वडिलांचं हमालीचं काम, हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. पाकिटं वाटून बाकीचे गेल्यावर सरांनी त्याला थांबवून घेतलं.

"मी तुला विचारलं होतं तेव्हा तू बरोबर उत्तर दिलंस. मग एक रुपया का सोडलास?"

"सोडला नाही सर. घेतला नाही."

"फरक काय?"

"घेतला असता तं त्याले नऊ भेटले असते."

"तो कोण, तुला माहीत नाही."

"मी कोण, हे त्यालेही माहीत नाही. तरी त्यानं मले एकच धाडला ना."

"पण तुझा एक रुपया गेला. त्याचा काटोलच्या तिकिटाला उपयोग झाला असता."

"झाला असता." ईश्वरदासने खांदे उडवले. "त्याले नऊ न भेटण्याचा भाव एक रुपया होता. स्वस्तात पडलं."

प्रेमलताने मान खाली घातली, हसू आवरायला. सर मात्र हसले नाहीत. त्यांचा आवाज बदलला. परीक्षा घेणाऱ्याचा होता, तो आता खरोखर विचारणाऱ्याचा झाला.

"रस्त्यात एक रुपया पडलेला दिसला तर?"

"उचलीन की."

"मग रुपया तोच ना?"

"रुपया तोच आहे सर. रस्त्यानं नऊ आपल्यापाशी ठेवून मले एक नाही दिला."

बाबनराव दारातून म्हणाला, "हे तं मीही सांगितलं असतं, मले कोणी विचारलंच नाही."

मुलगा गेल्यावर सर फळ्यापाशी गेले. सवयीने खडू उचलला, काही लिहिलं नाही.

"धकाते, गणित चुकलं का आपलं?"

"नाही सर. गणित बरोबर आहे. ज्याला फक्त रुपये हवेत तो एक घेईलच. माणसाला काय हवं हे मांडताना आपण फक्त त्याचे रुपये मांडले. या पोराला आणखी काही हवं होतं, आणि त्यासाठी तो स्वतःची झीज सोसायला तयार होता."

"आणि निम्मे देणारे? तेही न्यायी?"

हाच प्रश्न तिच्या मनात तीन आठवडे होता. उत्तर तिने सोपं करून सांगितलं नाही.

"ते या खेळातून सांगता येत नाही. काही न्यायी असतील. काहींनी नकाराच्या भीतीने निम्मे दिले असतील. ज्याला पलीकडे ईश्वरदास बसलेला असू शकतो हे ठाऊक आहे, त्याने स्वतःच्या फायद्यासाठीही चार-पाच देणंच शहाणपणाचं. देणाऱ्याचं मन कळायचं तर पलीकडच्याचा नकाराचा हक्क काढून घेऊन पुन्हा खेळवावं लागेल. तरीही त्याने काही दिलं, तर ते भीतीपोटी नव्हे. नकार मात्र स्वच्छ आहेत. नकार देणाऱ्याला पुढे काहीच मिळायचं नव्हतं."

"म्हणजे मी घाबरट म्हणालो ते..."

"अर्धं बरोबर असू शकतं, सर."

"अर्धं." खानझोडे सरांनी खडू ठेवून दिला. "अर्धं देतेस म्हणजे मला नाकारता येणार नाही."

त्यानंतरचे पंधरा दिवस प्रेमलता लिहीत होती. अरुंधतीची हकिकत तिने तळटीपेत ढकलली नाही. त्यासाठी वेगळं प्रकरण केलं. पहिल्या रविवारचे सहा नकार जसेच्या तसे ठेवले, पाच एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, आणि का ते लिहिलं. पन्नास जोड्यांवरून सगळ्या मानवजातीबद्दल बोलता येत नाही, हेही लिहिलं. दहा रुपयांऐवजी हजार असते तर ईश्वरदासने शंभराची नोट नाकारली असती का, हे आपल्याला माहीत नाही आणि ते तपासण्याइतका आपला पगार नाही, असं तिने कच्च्या प्रतीत लिहिलं होतं. सरांनी दुसरं अर्धवाक्य खोडलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी ती विभागात गेली. टंकलिखित प्रबंध, एकशे बारा पानं. सरांनी नकारांचं प्रकरण तिच्यासमोर पुन्हा वाचलं. एका ठिकाणी थांबून पेन्सिलीने स्वल्पविराम घातला. मग प्रमाणपत्राचं पान काढून सही केली, खाली तारीख घातली. प्रबंध जमा करायला अजून पाच दिवस होते.

"बाहेरचे परीक्षक पुण्याचे आहेत," ते म्हणाले. "ते विचारतील, नागपूरकर पैशाला नाही म्हणतात हे आम्ही कसं मानावं."

"तुम्ही काय सांगाल, सर?"

"मी सांगेन, नियम मी स्वतः वाचून दाखवला होता."

प्रेमलता जिना उतरून खाली आली. तिच्या घराण्यात टंकलिखित पानावर नाव यायची ही पहिली वेळ. रस्त्यावर येईपर्यंत तिने प्रबंध छातीशी धरला होता. रस्त्यावर आल्यावर लोक बघतील म्हणून बगलेत घेतला. रिक्षा करायचा विचार मनात आला आणि तिने तो मान्य केला, जे ती एरवी करत नसे. तांडापेठेत रिक्षा थांबली तेव्हा देवाजी ओट्यावर होते. त्यांनी प्रबंध हातात घेतला, कापडाचा पोत बघावा तसं पान दोन बोटांत धरून पाहिलं, पहिल्या पानावरचं नाव मोठ्याने वाचलं. 'प्रेमलता देवाजी धकाते.' मग शेजारच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा वाचलं.

"यात माहं नाव काहून?" ते म्हणाले.

"बापाचं नाव लागतेच, बाबा."

"लागते, तं लागू दे." त्यांनी प्रबंध परत दिला नाही. संध्याकाळपर्यंत तो त्यांच्या मांडीवर होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी निदान चौघांना एका रुपयाला नाही म्हणणाऱ्या काटोलच्या पोराची गोष्ट ऐकावी लागली. चौघांनीही विचारलं की त्या पोराने बरोबर केलं की चूक, आणि चारही वेळा देवाजींनी सांगितलं, ते माही पोरगी सांगत नाही. पोरानं काय केलं तेवढं सांगते.

उद्या मंगळवार. सकाळी साडेसातला खोली नंबर सातमध्ये प्रेमलता धकाते यांचा बी.ए. भाग एकचा तास आहे. वेळापत्रकाप्रमाणे विषय: मागणीचा नियम.